पर्जन्यमापकाला जागे करण्याचा अधिकार

बेंगळुरूत वर्षाकाठी साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वर्षातल्या साठेक दिवसांत, त्यातही प्रामुख्याने दुपार उलटल्यानंतरच्या काही तासांत पडून जातो. हा पाऊस मोजणारे यंत्र मात्र वर्षाचे ८,७६० तास उघड्यावर उभे असते आणि पाऊस नेमका कधी येणार हे ठाऊक नसल्याने त्याने सतत तयार असावे अशी अपेक्षा असते. तयार असणे आणि जागे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोजयंत्राच्या रचनेतील बहुतेक चुका या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चिपमध्ये प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडणारी द्वारे सामावलेल्या छोट्या संगणकाला, झोपवण्याची आज्ञा एका ओळीची असते. परंतु त्या आज्ञेने खरोखर किती वीज वाचेल हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते: झोपलेल्या चिपला जागे करण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, आणि ती झोपली असताना तिच्याभोवतीचे मंडल काय करीत आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा अधिकार शक्यतो मोजल्या जाणाऱ्या घटनेकडेच असावा. तथापि तो पूर्णपणे घटनेकडे सोपवला तर यंत्राच्या मौनाचा अर्थ लावता येत नाही, म्हणून त्याचा एक लहान, विचारपूर्वक निवडलेला वाटा घड्याळाकडे ठेवावा लागतो.

बेंगळुरू या विवेचनासाठी योग्य ठिकाण आहे. शहराच्या उत्तरेस येलहंका येथे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र आहे. १९८८ साली दुष्काळावर लक्ष ठेवणारा कक्ष म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने पुढे राज्यभर ग्रामपंचायत पातळीपर्यंत दूरसंवेदी पर्जन्यमापकांचे जाळे उभारले, आणि त्यांच्या नोंदी दर पंधरा मिनिटांच्या अंतराने केंद्राकडे येतात. महाराष्ट्रातील वाचकांना याच जातीची व्यवस्था ‘महावेध’ प्रकल्पामुळे परिचित आहे, ज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली आणि ज्यांच्या आकड्यांवर पीकविम्याचे दावे अवलंबून राहू लागले. अशा केंद्रांत सौरपट्टी आणि बऱ्यापैकी मोठी बॅटरी असते. येथे पुढे मांडलेले उदाहरण त्यांपैकी कोणत्याही प्रत्यक्ष यंत्राचे वर्णन नाही. त्याच कामासाठी, पण सौरपट्टीशिवाय, तीन साध्या अल्कलाइन सेलवर चालणारे यंत्र रचायचे झाल्यास हिशेब कसा मांडावा लागेल, हे त्यातून दाखवले आहे.

पाऊस मोजण्याची प्रचलित पद्धत मुळातच घटनांची आहे. गळणीतून येणारे पाणी मध्यभागी आसावर टेकलेल्या, दोन कप्प्यांच्या एका लहान पात्रात पडते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरला की पात्र कलंडते, पाणी ओतले जाते आणि दुसरा कप्पा गळणीखाली येतो. या ‘टिपिंग बकेट’ रचनेचे श्रेय सतराव्या शतकातील इंग्लिश स्थापत्यकार ख्रिस्तोफर रेन याला दिले जाते. पात्रावर बसवलेला चुंबक प्रत्येक कलंडीच्या वेळी एका रीड स्विचसमोरून जातो. रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन लवचिक लोहपट्ट्या, ज्या चुंबक जवळ आल्यावर एकमेकींना चिकटतात आणि तो दूर गेल्यावर सुटतात. प्रत्येक कलंडीला साधारण दशांश सेकंदाएवढा वेळ हा स्विच मिटतो. एक कलंडी म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस असे धरले, तर बेंगळुरूच्या संपूर्ण वर्षाचा पाऊस म्हणजे सुमारे २,००० कलंडी होतात.

हा आकडा किती लहान आहे हे अतिवृष्टीच्या दिवसाकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. ५ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शहरात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला, बेळंदूर आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याचा परिसर पाण्याखाली गेला, आणि राजकालुवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नाल्यांवरील अतिक्रमणांचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्या दिवशीही अर्ध्या मिलिमीटरचे पात्र जेमतेम २६० वेळा कलंडले असते. तासाला १०० मिलिमीटर या भीषण वेगाने पाऊस कोसळत असला तरी दोन कलंडींमध्ये अठरा सेकंदांचे अंतर राहते, आणि एका कलंडीची नोंद घ्यायला मायक्रोकंट्रोलरला सढळपणे ३० मिलिसेकंद दिले तरी ढगफुटीच्या ऐन भरातही तो अठरा सेकंदांपैकी जवळजवळ सगळा वेळ झोपू शकतो.

आता झोप म्हणजे काय ते पाहू. एटीमेगा३२८पी ही आठ बिटांची चिप प्रयोगशाळांपासून महाविद्यालयीन प्रकल्पांपर्यंत सर्वत्र वापरली जाते, म्हणून तीच उदाहरणास घेतली आहे. ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झ या वेगावर जागी असताना ती साधारण ४ मिलिअँपिअर धारा घेते असे धरावे. मायक्रोकंट्रोलर काही न करता नुसता एका आवर्तनात फिरत राहिला तरी ही धारा जवळपास तेवढीच राहते, कारण ऊर्जा खर्च होते ती घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चिपमधील असंख्य लहान धारित्रे भरण्यात आणि रिकामी करण्यात. झोपेच्या अवस्था म्हणजे हे ठोके कोठपर्यंत पोहोचू द्यायचे याच्या पायऱ्या आहेत. सर्वांत हलक्या झोपेत केवळ प्रक्रियकाचे ठोके थांबतात आणि कालमापक, संवादद्वारे वगैरे चालू राहतात. सर्वांत गाढ झोपेत, जिला या चिपच्या माहितीपत्रकात पॉवर-डाउन म्हटले आहे, मुख्य आंदोलकच थांबतो. स्मृतीतील मजकूर टिकून राहतो, पण चिपमध्ये मुख्य ठोका म्हणून काही उरत नाही, आणि धारा खोलीच्या तापमानाला ०.१ मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे जागेपणीच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागापर्यंत उतरते.

ज्या चिपमध्ये मुख्य ठोकाच नाही ती आज्ञा वाचू शकत नाही, म्हणजे स्वतःहून जागीही होऊ शकत नाही. तिला उठवणारे काहीतरी त्या ठोक्यांवाचून काम करणारे असावे लागते. बाह्य इंटरप्ट ही अशीच व्यवस्था आहे: चिपच्या एखाद्या पायावरील व्होल्टेज बदलले की एक असमकालिक, म्हणजे घड्याळाची वाट न पाहणारे, मंडल आंदोलक पुन्हा सुरू करते, प्रक्रियक हातातले काम थांबवून त्या घटनेसाठी लिहिलेला छोटा कार्यक्रम चालवतो आणि मग जेथे थांबला होता तेथून पुढे जातो. रीड स्विच अशा पायाला जोडला की जागे करण्याचा अधिकार थेट पावसाकडे जातो.

या मांडणीवरील सर्वांत गंभीर आक्षेप असा की, घटनेला एवढा मान देण्याची गरज नाही; चिपमध्येच वॉचडॉग नावाचा स्वतंत्र, मंद आंदोलकावर चालणारा कालमापक असतो, त्याने दर ६४ मिलिसेकंदांनी तिला उठवावे, तिने स्विच मिटला आहे का ते पाहावे आणि पुन्हा झोपावे. हा आक्षेप आकड्यांनीच तपासला पाहिजे. बॅटरीचा साठा मिलिअँपिअर-तासांत, म्हणजे किती मिलिअँपिअर धारा किती तास पुरेल अशा गुणाकारात सांगतात, आणि चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये तो साधारण २,५०० असतो. सतत जागी राहणारी चिप वर्षाला सुमारे ३५,००० मिलिअँपिअर-तास मागते, म्हणजे सेल सव्वीस दिवसांत संपतात. वारंवार डोकावणारी चिप दर वेळी ०.२ मिलिसेकंद जागी राहिली, तर त्याची सरासरी सुमारे साडेबारा मायक्रोअँपिअर पडते, वॉचडॉगची चार-साडेचार त्यात मिळवली की सतरा होतात, आणि वर्षाचा खर्च १५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास राहतो. इंटरप्टने जागे होणाऱ्या चिपला २,००० कलंडींसाठी, प्रत्येकी ३० मिलिसेकंद या दराने, वर्षाला जागेपणाचे फक्त साठ सेकंद लागतात. त्यांचा खर्च ०.०७ मिलिअँपिअर-तास आणि झोपेचा खर्च ०.९, म्हणजे एकूण एकाच्या आत.

या तीन आकड्यांतून प्रामाणिकपणे निघणारा निष्कर्ष असा की, मोठी बचत झोपेची आहे आणि इंटरप्टची बचत त्यानंतरची आहे. डोकावणारी रचना वाईट नाही; तीन सेलवर तीही काही वर्षे चालेल. तिचा खरा दोष विजेत नसून मोजणीत आहे. स्विच किती वेळ मिटतो हे पात्राच्या घडणीवर, चुंबकाच्या अंतरावर आणि आसाच्या झिजेवर अवलंबून असते, आणि तो वेळ ६४ मिलिसेकंदांहून कमी झाला की काही कलंडी कोणत्याही खुणेविना हरवतात. त्या हरवल्याचे कळण्याचा मार्ग यंत्रात नाही. नोंदीत केवळ कमी पाऊस दिसतो. डोकावण्याचा वेग वाढवून हे टाळायचे म्हटले की विजेचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. इंटरप्टमध्ये विजेची बचत आणि मोजणीची अचूकता यांत असा सौदा करावा लागत नाही, आणि त्याच्या बाजूचा निर्णायक मुद्दा हाच आहे.

मात्र इंटरप्ट कशाने उठावा हे निवडताना चूक झाली तर सगळी बचत एका पानगळीत वाहून जाऊ शकते. पाय खालच्या व्होल्टेजवर असेपर्यंत, म्हणजे पातळीवर, इंटरप्ट उठवता येतो, किंवा व्होल्टेज बदलल्याच्या क्षणी, म्हणजे बदलावर, उठवता येतो. या चिपच्या `INT0` आणि `INT1` या दोन खास पायांविषयी माहितीपत्रकाच्या जुन्या आवृत्त्यांत, गाढ झोपेतून ते केवळ पातळीवरच उठवतात असे म्हटले होते, आणि त्यामुळे अनेक रचनांत पातळीचाच वापर दिसतो. आता असे समजा की पात्रात गाळ साचला, किंवा एखाद्या कीटकाने आसापाशी घरटे केले, आणि पात्र अर्धवट कललेल्या स्थितीत अडकून चुंबक नेमका रीड स्विचसमोर थांबला. स्विच मिटलेलाच राहतो, पातळी खालीच राहते, आणि इंटरप्टचा कार्यक्रम संपताच तोच इंटरप्ट पुन्हा उठतो. चिप झोपू शकत नाही, सव्वीस दिवसांत सेल संपतात, आणि ज्या बिघाडाची बातमी केंद्राला मिळायला हवी होती तोच बिघाड बातमी देणाऱ्याला संपवतो.

म्हणून या कामासाठी पायबदल इंटरप्ट अधिक सुरक्षित ठरतो. तो असमकालिक असतो, कोणत्याही झोपेतून उठवतो आणि पाय अडकून पडला तरी पुन्हा पुन्हा उठत नाही. अडकलेल्या स्विचची दुसरी किंमत मात्र त्यातही उरते. स्विच उघडा असताना पायाचे व्होल्टेज अनिश्चित राहू नये म्हणून त्याला एका रोधकाने वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवतात, आणि स्विच मिटला की या पुल-अप रोधकातून धारा वाहते. चिपमधील अंगभूत रोधक २० ते ५० किलोओहमचा असल्याने ही धारा शंभर मायक्रोअँपिअरच्या घरात जाते. बाहेरून एक मेगाओहमचा लावला तर ती तीनवर येते, पण इतक्या मोठ्या रोधकाने बांधलेली लांब तार विजेच्या प्रत्येक कडाडण्याला प्रतिसाद देऊ लागते आणि बेंगळुरूचा एप्रिल-मेमधला वळीव तर विजांसहच येतो. खोट्या कलंडी म्हणजे न पडलेला पाऊस. १०० किलोओहम हा येथे समंजस मध्यबिंदू आहे: अडकलेल्या अवस्थेत ३३ मायक्रोअँपिअर, जे दुरुस्ती होईपर्यंत सहज सोसता येतात.

याच रोधकाबरोबर स्विचला समांतर १०० नॅनोफॅरडचे धारित्र जोडले की आणखी एक अडचण सुटते. रीड स्विचच्या पट्ट्या पहिल्यांदा टेकल्यावर एक-दोन मिलिसेकंद थरथरतात, आणि त्या थरथरीतील प्रत्येक स्पर्श वेगळी कलंडी म्हणून मोजला जाऊ शकतो. सर्वसाधारण कार्यक्रमांत यावर उपाय म्हणून आधीच्या स्पर्शाची वेळ लक्षात ठेवतात आणि ठरावीक काळात आलेले पुढचे स्पर्श सोडून देतात. गाढ झोपेच्या रचनेत हा उपाय नकळत फसतो, कारण झोपेत मुख्य कालमापक थांबलेला असतो. `millis()` सारखे फलन दोन कलंडींमधील अठरा सेकंदांची दखलच घेत नाही, त्याच्या लेखी दुसरी कलंडी पहिलीनंतर लगेचच आलेली असते, आणि खरी कलंडी थरथर समजून टाकून दिली जाते. अशा यंत्राची ओळख पटते ती टेबलावर ठीक चालून मैदानात कमी पाऊस दाखवण्याने, कारण टेबलावर त्याची चाचणी बहुधा झोप बंद ठेवून केलेली असते. रोधक आणि धारित्राची जोडी मात्र घड्याळावाचून काम करते: पहिल्या स्पर्शात धारित्र रिकामे होते, ते पुन्हा भरायला दहा मिलिसेकंदांचा काळ लागतो, आणि तेवढ्या अवधीतली थरथर पायापर्यंत पोहोचतच नाही.

कार्यक्रमाचा गाभा यानंतर लहान उरतो. झोपण्याच्या प्रकाराची निवड आणि पायबदल इंटरप्ट चालू करणे आधी एकदाच केलेले आहे असे धरले, तर उरलेला भाग असा:

```c
ISR(PCINT2_vect) {
    if (!(PIND & (1 << PD2))) {
        tips++;
        work_pending = 1;
    }
}

/* main loop */
cli();
if (!work_pending) {
    sleep_enable();
    sleep_bod_disable();
    sei();
    sleep_cpu();
    sleep_disable();
}
sei();
if (work_pending) {
    work_pending = 0;
    /* pending work */
}
```

या ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. `cli()` सर्व इंटरप्ट थोपवते, मग काही काम बाकी आहे का हे पाहिले जाते, आणि नसेल तरच झोपेची तयारी होते. इंटरप्ट न थोपवता हीच तपासणी केली तर तपासणी आणि झोप यांच्यामधल्या काही मायक्रोसेकंदांत कलंडी येऊ शकते. तिची नोंद होते, पण तिच्यानंतर जे काम करायचे होते ते पुढच्या कलंडीपर्यंत पडून राहते, आणि सरीचा तो शेवटचा थेंब असेल तर पुढची कलंडी आठवड्याने येईल. `sei()` इंटरप्ट पुन्हा खुले करते, परंतु या चिपच्या रचनेत त्या आज्ञेनंतरची एक आज्ञा पूर्ण झाल्याखेरीज कोणताही थांबलेला इंटरप्ट पुढे येत नाही. ती एक आज्ञा म्हणजे झोप. त्यामुळे मधल्या काळात आलेली कलंडी झोपेच्या आधी नव्हे तर झोप लागताक्षणी चिपला उठवते, आणि काहीच हरवत नाही. `sleep_bod_disable()` ही व्होल्टेज घसरल्याचे ओळखणारे पहारेकरी मंडल झोपेपुरते बंद करते, ज्याची एरवी वीसेक मायक्रोअँपिअर धारा चालू राहिली असती. अनुरूप-अंकी परिवर्तक, म्हणजे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा देणारा भाग, `ADCSRA = 0;` या ओळीने आधीच बंद करावा लागतो, नाहीतर तो गाढ झोपेतही शेकडो मायक्रोअँपिअर घेत राहतो.

एवढे सगळे अचूक केल्यानंतरही पुष्कळदा बॅटरी दोन आठवड्यांतच संपते, आणि तेव्हा कार्यक्रमात चूक शोधण्यात वेळ जातो. बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावरील दुकानांत मिळणाऱ्या तयार मंडल-पट्ट्यांवर ही चिप एकटी नसते. व्होल्टेज स्थिर ठेवणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर स्वतःच्या चालण्यासाठी पाचेक मिलिअँपिअर घेतो आणि वीज चालू असल्याचे दाखवणारा दिवा आणखी दोन-तीन. चिप जागी असो वा झोपलेली, हा सात-आठ मिलिअँपिअरचा भार तसाच राहतो, आणि त्यापुढे ४ मिलिअँपिअरचे ०.१ मायक्रोअँपिअर होण्याने सेलचे आयुष्य जेमतेम दीडपट होते. दिवा काढून आणि रेग्युलेटरच्या जागी एमसीपी१७०० सारखा, स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअर घेणारा, बसवूनच झोपेला अर्थ येतो. दुसरी गळती अधिक फसवी असते. संदेश पाठवणाऱ्या मोडेमची वीज तोडली, पण त्याच्याकडे जाणारी चिपची संवादतार वरच्या व्होल्टेजवर तशीच ठेवली, तर मोडेमच्या पायातील संरक्षक डायोडमधून त्याला मागच्या दाराने वीज मिळत राहते. अशा वेळी मोडेम धड चालू नसतो आणि धड बंदही नसतो. वीज तोडण्यापूर्वी ती तार खाली आणणे हाच त्यावरचा उपाय.

ही गळती मोजतानाही सावध राहावे लागते. साध्या मल्टीमीटरच्या मायक्रोअँपिअर श्रेणीत धारेच्या मार्गात काहीशे ओहमचा रोध येतो. झोपेतील धारेला तो जाणवत नाही, पण चिप जागी होऊन ४ मिलिअँपिअर मागू लागली की त्या रोधावरच व्होल्टेज पडते, चिप उपाशी राहून पुन्हा आरंभापासून सुरू होते, आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. त्याऐवजी एक हजार मायक्रोफॅरडचे धारित्र ३.३ व्होल्टला भरून, झोपलेली पट्टी केवळ त्यावर ठेवून, व्होल्टेज एक व्होल्टने उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. शंभर सेकंद लागले तर धारा दहा मायक्रोअँपिअर आहे, पाचशे लागले तर दोन. अर्थात धारित्राची स्वतःची गळती आधी पट्टीशिवाय तपासून घ्यायला हवी.

दोन मायक्रोअँपिअरच्या खाली उतरण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. अल्कलाइन सेल नुसता पडून असला तरी वर्षाला दोनेक टक्के साठा गमावतो, म्हणजे २,५०० पैकी ५०, आणि ही सहा मायक्रोअँपिअरच्या सतत गळतीइतकी घट आहे. माहितीपत्रकातल्या ०.१ या आकड्याची जी प्रतिष्ठा आहे ती सेलच्या या स्वभावापुढे फारशी टिकत नाही.

येथवर सर्व अधिकार पावसाकडे आहे, आणि हीच व्यवस्था पूर्ण मानली तर तिच्यातून एक गंभीर उणीव जन्म घेते. केवळ कलंडीने जागा होणारा पर्जन्यमापक कोरड्या महिन्यात काहीच बोलत नाही. गळणीत पिंपळाची पाने अडकली असतील तरी तो काही बोलत नाही. त्याचे सेल संपले असतील, तार उंदराने कुरतडली असेल किंवा कोणी संपूर्ण यंत्रच उचलून नेले असेल, तरी केंद्रातल्या पडद्यावर तेच शून्य दिसते. पीकविम्याच्या हिशेबात हे शून्य दुष्काळ म्हणून वाचले जाऊ शकते आणि पुराच्या इशाऱ्यात निर्धास्तपणा म्हणून. घटनेवर अवलंबून असलेल्या यंत्राच्या मौनातून घटना घडली नाही एवढेच कळायला हवे असते, परंतु यंत्र उरले नाही असाही त्याचा अर्थ निघतो, आणि हे दोन अर्थ वेगळे करण्याचे साधन घटनेकडे नसते. म्हणून घड्याळाला परत बोलवावे लागते.

हे घड्याळ चिपबाहेरचे असावे. पीसीएफ८५६३ ही स्वतंत्र घड्याळाची चिप पाव मायक्रोअँपिअरवर वेळ राखते आणि ठरलेल्या वेळी आपला एक पाय खाली खेचते. म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने वेळ हीदेखील आणखी एक बाह्य घटना बनते. ती तार रीड स्विचपेक्षा वेगळ्या गटातील पायावर घ्यावी, कारण एका गटातील आठ पायांना मिळून एकच पायबदल इंटरप्ट असतो आणि कोण बोलले हे ओळखताना गफलत होऊ शकते. घड्याळाचा इशारा वाजल्यावर त्याच्या आतील निशाण कार्यक्रमाने स्वतः पुसावे लागते. ते पुसले नाही तर पाय खालीच राहतो, पुढच्या इशाऱ्याला बदल असा होतच नाही, आणि यंत्र कलंडी मोजत राहूनही कायमचे मुके होते. निशाण पुसण्याचा संदेश तारेवरील गोंधळाने एकदा वाया गेला तरी हे घडू शकते. त्यामुळे प्रत्येक कलंडीनंतर घड्याळाचा पाय खाली अडकला आहे का हे पाहणे आणि असल्यास निशाण पुन्हा पुसणे ही काळजी घ्यावी, ज्यासाठी लागणारी वीज मोजण्याइतकीही नाही.

किती वेळा बोलावे हा प्रश्न यानंतर सर्वांत महाग ठरतो. मोबाइल जाळ्यावर एक संदेश पाठवायला तीस सेकंद आणि सरासरी शंभर मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर एका संदेशाची किंमत ०.८ मिलिअँपिअर-तास, म्हणजे वर्षभराच्या सर्व कलंडी मोजण्याच्या खर्चाच्या सुमारे बारा पट. दर पंधरा मिनिटांनी, पाऊस असो वा नसो, दिवसाला ९६ संदेश पाठवले तर वर्षाला २९,००० मिलिअँपिअर-तास लागतात आणि झोपेने वाचवलेली जवळजवळ सगळी वीज मोडेम खाऊन टाकतो. ज्या जाळ्याला पंधरा मिनिटांची शिस्त हवी आहे त्याला सौरपट्टी अपरिहार्य आहे, आणि इशारे देणाऱ्या संस्थेने ती शिस्त पाळणे योग्यच आहे. सेलवर चालणाऱ्या यंत्राला मात्र पाऊस चालू असतानाच पंधरा मिनिटांनी, आणि मागच्या संदेशानंतर दहा कलंडी, म्हणजे पाच मिलिमीटर, झाल्यास वाट न पाहता लगेच बोलू द्यावे. कोरड्या काळात दिवसाला चार संदेश पुरेत. प्रत्यक्ष पावसाचे वर्षातले तास तीनशे धरले तर दोन्ही मिळून खर्च २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या जवळ येतो, झोपेतले दोन मायक्रोअँपिअर त्यात अठराची भर घालतात, आणि तीन सेलचा एक संच वर्षभर कसाबसा पुरतो. दर उन्हाळ्यात, वळीव सुरू होण्याआधी, गळणी साफ करण्याच्या फेरीतच सेल बदलावेत.

हे चार संदेश चोवीस तासांत समान अंतराने वाटण्याची प्रवृत्ती असते, पण त्यात शहाणपण नाही. एक संदेश सकाळी साडेआठला हवाच, कारण भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पर्जन्यदिवस तेव्हा संपतो आणि हस्तनोंदीशी तुलना त्याच वेळेला करता येते. उरलेल्यांपैकी मध्यरात्रीचा संदेश बेंगळुरूत फारसा उपयोगी नाही, कारण त्या वेळी यंत्र मुके झाल्याचे कळले तरी सकाळपर्यंत कोणी जाऊन ते पाहणार नाही. दुपारी बाराला संदेश आला नाही तर मात्र संध्याकाळच्या सरीपूर्वी माणूस पाठवायला पाच तास मिळतात, तीनला आला नाही तर निदान शेजारच्या मापकाच्या आकड्यावर विसंबायचे हे आधी ठरवता येते, आणि संध्याकाळी सहाचा संदेश येऊनही आकडा शून्यच असेल, जेव्हा आजूबाजूचे तीन मापक चाळीस मिलिमीटर दाखवीत आहेत, तर यंत्र जिवंत आहे आणि बहुधा गळणी तुंबली आहे किंवा पात्र अडकले आहे एवढे सांगता येते.